महिन्याला फिक्स परतावा आणि सोसायटीची नोटीस

सुरतेतल्या सोसायट्यांच्या फलकावर टाकीसफाईच्या आणि मेंटेनन्सच्या नोटिशींच्या जोडीला अधूनमधून एक ओळ दिसते: 'सभासदांनी जादा परताव्याच्या आमिषाला बळी पडू नये.' खाली चेअरमन-सेक्रेटरींच्या सह्या असतात. ही ओळ वाचून कुणी पैसे द्यायचं थांबत नाही, कारण ज्याने पैसे दिलेत त्याच्या लेखी ते आमिष नसतंच. दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ गेलं वर्षभर दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता पैसे देतात, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब चोख ठेवतात, त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण वाढायला उभे होतो. आमिष दाखवणारा माणूस कुणीतरी परका असतो, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून नोटीस लावायची तर ती या भाऊंच्या योजनेबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि तरी भाऊंचं नाव त्यात येता कामा नये. हे जमायला योजना आतून कशी चालते, कायदा नेमकं काय म्हणतो आणि सोसायटीच्या कमिटीचा हात कुठवर पोचतो, या तिन्ही गोष्टी ठाऊक हव्यात.

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, गोडादरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी घरं दाटीने राहतात. लूम, डाइंग मिल, कापड मार्केट किंवा छोटा धंदा यांवर घर चालतं. पेन्शन बहुतेकांना नसते. फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे, सगळं महिन्याच्या हिशोबाने जातं, त्यामुळे येणारा पैसाही महिन्याने आणि ठरावीक आला तर माणसाला हायसं वाटतं. 'महिन्याला पाच टक्के फिक्स' हे वाक्य या गरजेवर बरोबर बसतं. हाव हा शब्द इथे मला पटत नाही. गावचं शेत विकून आलेले किंवा मिलमधून सुटताना मिळालेले चार-पाच लाख जपायचे असतात आणि त्यांतून घरही चालवायचं असतं, एवढीच ती गोष्ट असते.

आता हिशोब पाहू. समजा, वीस घरांनी प्रत्येकी १ लाख रुपये दिले. २० लाख जमले. महिन्याला पाच टक्के म्हणजे दरमहा १ लाख वाटायचे. योजना चालवणाऱ्याने एक रुपयाही कुठे लावला नाही, सगळे पैसे कपाटात ठेवले, तरी तो वीस महिने वेळेवर देऊ शकतो. दर तीन टक्के असेल तर तेहतीस महिने. म्हणजे 'दीड वर्ष झालं, एकही महिना चुकला नाही' यावरून पैसे धंद्यात लागलेत की नाहीत हे मुळीच कळत नाही. लोक नेमका हाच पुरावा एकमेकांना देतात, आणि देणारा खरं तेच सांगत असतो.

यापुढची पायरी अशी. कपाटातले २० लाख हलू द्यायचे नसतील तर दरमहा जेवढं वाटायचं तेवढं नवं भांडवल आणावं लागतं. पहिल्या महिन्यात १ लाख, म्हणजे एक नवं घर. पण त्या नव्या घरालाही पाच टक्के द्यायचे असतात, म्हणून देणं दरमहा पाच टक्क्यांनी फुगत जातं. वर्षाने लोकांची मुद्दल सुमारे ३६ लाख होते, दोन वर्षांनी साडेचौसष्ट लाख, तीन वर्षांनी १ कोटी १६ लाखांच्या आसपास. कपाटात तेव्हाही २० लाखच असतात. चालवणाऱ्याने स्वतःसाठी छदामही घेतला नाही असं धरून हा हिशोब आहे. त्या दिवशी योजना थांबली तर रुपयामागे सतरा पैसे वाट्याला येतात. सुरुवातीला महिन्याला एक नवं घर पुरत होतं, आता जवळजवळ सहा लागतात. म्हणूनच अशी योजना एका बिल्डिंगमध्ये थांबत नाही. शेजारच्या सोसायटीत, मग मार्केटमध्ये, मग पाहुण्यारावळ्यांमार्फत गावाकडे जाते. पहिल्या घराला मात्र तीन वर्षांत १ लाखावर १ लाख ८० हजार मिळालेले असतात आणि ते घर शपथेवर सांगतं की योजना खरी आहे.

पैसे खरोखर धंद्यात लावलेत असा दावा असेल तर वर्षाला साठ टक्के कोणता धंदा देतो, हे विचारावं लागतं. बाजारात ओळखीवर पैसे व्याजाने फिरतात तेव्हाही दीड-दोन टक्के महिना हा चढा दर समजतात. रिझर्व्ह बँकेने ठेवी घेण्याची परवानगी दिलेल्या वित्त कंपन्यांनाही वर्षाला साडेबारा टक्क्यांच्या वर व्याज देता येत नाही. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एप्रिल २०२३पासून दर ७.४ टक्के झाला. एका नावावर जास्तीत जास्त ९ लाख ठेवता येतात, आणि त्या दराने महिन्याला ५,५५० रुपये हातात पडतात. तेवढेच ९ लाख भाऊंकडे दिले तर महिन्याला ४५ हजार. या दोन आकड्यांमधली तफावत जोखमीची किंमत आहे असं म्हणता आलं असतं, पण खरी जोखीम घेणाऱ्या धंद्यात नफा महिन्यागणिक खालीवर होतो. कापडाच्या मंदीतही आणि दिवाळीच्या सीझनमध्येही तेच पाच टक्के येत असतील, तर ते कापडातून येत नाहीत.

या योजनांना प्रत्येक काळात एक गोष्ट लागते. कधी कापडातलं पार्टी फायनान्स, कधी हिरे, कधी जमिनीचे प्लॉट, हल्ली शेअर ट्रेडिंग आणि क्रिप्टो. सुरतने यातलं एक मोठं उदाहरण जगाला दिलं आहे. बिटकनेक्ट ही क्रिप्टो योजना २०१६मध्ये सुरू झाली आणि तिचा संस्थापक सुरतचा. आपलं सॉफ्टवेअर बाजाराच्या चढउतारातून नफा काढतं, असं सांगून महिन्याला चाळीस टक्क्यांपर्यंत परताव्याची आशा दाखवली जात होती. जानेवारी २०१८मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांच्या नियामकांनी कारवाई केली आणि काही दिवसांतच कर्जयोजना बंद झाल्याचं जाहीर झालं. अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी फेब्रुवारी २०२२मध्ये संस्थापकावर आरोपपत्र ठेवलं, त्यात फसवणुकीचा आकडा २४० कोटी डॉलरांचा होता. भारतात ईडीने फेब्रुवारी २०२५मध्ये या प्रकरणातली १,६४६ कोटी रुपयांची क्रिप्टो जप्त केली. म्हणजे योजना बंद पडल्यावर सात वर्षांनी. गोष्ट संगणकाची असली तरी आतला हिशोब वरच्या वीस घरांचाच होता.

या सगळ्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कागदावरच्या आणि तोंडच्या दरातली फट. कोलकात्यात जुलै १९७५मध्ये संचयिता इन्व्हेस्टमेंट्स नावाची भागीदारी फर्म अवघ्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर उभी राहिली. लोकांकडून ठेवी घ्यायची आणि पावतीवर बारा टक्के व्याज लिहायची. प्रत्यक्षात ती अठ्ठेचाळीस टक्के देत होती, पुढे छत्तीस. बारावरची रक्कम कागदावर न येता गुपचूप पोचायची. डिसेंबर १९८०मध्ये गुन्हा दाखल झाला तो १९७८च्या कायद्याखाली, ज्याने साखळी पद्धतीने पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घातली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ फेब्रुवारी १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने तो गुन्हा रद्द ठरवला. कारण साधं होतं. त्या कायद्यात बसायला मिळणारा पैसा नवे सभासद येण्यासारख्या एखाद्या घटनेवर अवलंबून असायला हवा होता. संचयिताचं व्याज कशावरच अवलंबून नव्हतं, ते ठरलेलं होतं. परतावा 'फिक्स' होता म्हणून ती योजना त्या कायद्याच्या जाळ्यातून निसटली.

हीच फट गुजरातमध्ये अगदी अलीकडे पुन्हा दिसली. नोव्हेंबर २०२४मध्ये सीआयडी क्राइमने हिंमतनगरच्या बीझेड ग्रुपवर छापे घातले. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार लेखी करारात वर्षाला सात टक्क्यांचा दर होता आणि तोंडी त्याच्या दुपटीहून अधिक सांगितला जात होता. ५ लाख भरणाऱ्याला ३२ इंची टीव्ही किंवा मोबाईल मिळायचा. सुरुवातीला वर्तमानपत्रांत ६,००० कोटींचा आकडा आला, पुढे तपासात तो साडेचारशे कोटींच्या आसपास सांगण्यात आला. आरोप सिद्ध होणं न्यायालयाच्या हातात आहे. पण एवढ्या मोठ्या तफावतीचं एक कारण उघड आहे: ज्या व्यवहाराचा अर्धा भाग तोंडी चालतो, त्याचा आकडा कुणालाच नक्की सांगता येत नाही.

तोंडी दराने पैसे देणाऱ्याचेही हात बांधले जातात. वादाच्या वेळी तो पाच टक्के सिद्ध करू शकत नाही. वर्षभर रोखीने मिळालेलं व्याज त्याने आयकर विवरणात दाखवलेलं नसतं, म्हणून तक्रार करायलाही तो कचरतो. चालवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. एरवी २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कर्ज वा ठेव म्हणून रोखीने घ्यायला आयकर कायद्यातच मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो. तरीही बिल्डिंगमधले व्यवहार रोखीने चालतात ते याच गप्प राहण्याच्या सोयीसाठी.

१९८२च्या निकालात दिसलेली कायद्याची फट बुजवायला सदतीस वर्षं लागली. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९मध्ये आला आणि प्रत्येक कमिटी सदस्याने तो समजून घेण्यासारखा आहे. परत करण्याच्या वचनावर घेतलेले पैसे, मग त्यांना ठेव म्हणा, कर्ज म्हणा की अ‍ॅडव्हान्स, व्याज असो वा नसो, या कायद्याच्या लेखी ठेव ठरतात. ठेव घेणारा म्हणजे कंपनीच असली पाहिजे असं नाही. एकटा माणूस किंवा चार जणांचा ग्रुपही त्यात येतो. कुणी फसवलं की नाही, पैसे बुडाले की नाही, हा प्रश्न नंतरचा. परवानगी नसताना अशा ठेवी धंदा म्हणून मागणं यालाच एक ते पाच वर्षं कैद आहे, स्वीकारण्याला दोन ते सात वर्षं, आणि फसवून बुडवल्यास तीन ते दहा वर्षं. दंड वेगळा. महिन्याला वेळेवर पैसे देणारी योजनाही, ती बंद पडायच्या आधीच, गुन्हा असू शकते.

कायद्याला मर्यादाही आहेत. नातेवाइकांकडून घेतलेलं कर्ज त्यातून वगळलं आहे. शेजाऱ्याने अडीनडीला एकदा उसने घेतले तर तो 'धंदा म्हणून' घेतलेला पैसा नव्हे. 'मी फक्त ओळख करून दिली' म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं काय? खोटं आहे हे माहीत असून कुणाला अशा योजनेत ओढणाऱ्यालाही एक ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे, पण माहीत होतं हे सिद्ध करावं लागतं. ज्याने स्वतःचेही पैसे घातले आणि मनापासून विश्वास ठेवला तो कदाचित शिक्षेतून सुटेल. मात्र चार घरांमागे महिन्याला एक टक्का कमिशन घेतलं असेल तर चौकशीत त्याचं उत्तर त्याला द्यावंच लागेल.

भिशी, जिला इथे वीसी म्हणतात, तिची गल्लत यात करू नये. बारा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची आणि आळीपाळीने उचलायची, यात बाहेरून परताव्याचं वचन नसतं. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं. मोठ्या भिशीला चिट फंडाचा १९८२चा कायदा आणि नोंदणी लागू होते, तो स्वतंत्र विषय आहे. 'उचल शेवटी घेतली तर दर महिन्याला दोन टक्के फिक्स' असं कुणी म्हणायला लागलं की ती भिशी राहत नाही. पतसंस्थांबद्दल एकच सांगतो. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी ही नोंदणीकृत संस्था होती, तरी २०१५पर्यंत खानदेशातल्या असंख्य घरांचे पैसे तिच्यात अडकले. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत असलेलं विमासंरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं.

आता नोटिशीकडे. सभासदाने स्वतःचे पैसे कुठे गुंतवावेत हे कमिटी ठरवू शकत नाही, आणि कुणाचं नाव फलकावर लिहिलं तर बदनामीचा दावा अंगावर येईल. पण हॉल, फलक, लेटरहेड, सभासदांच्या फोन नंबरांची यादी आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप कमिटीच्या ताब्यात असतात. अशा योजना नेमक्या याच गोष्टींवर वाढतात. नोटीस मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्हींत असावी, कारण एकाच जिन्यात तिन्ही वाचणारे राहतात. मजकूर साधारण असा असावा:

'आपल्या सोसायटीत कोणीही, सभासद असो वा बाहेरचा, ठरावीक मासिक परताव्याचं वचन देऊन पैसे गोळा करत असेल, तर त्यासाठी सोसायटीचा हॉल, ग्रुप किंवा फलक वापरता येणार नाही. अशा कोणत्याही योजनेला सोसायटीची संमती नाही, मग ती चालवणारा कमिटीचा सदस्य का असेना. पैसे देण्याआधी ठेवी घेण्याची परवानगी कोणी दिली त्याचा कागद मागा. तोंडी सांगितलेला दर करारावर लिहून मागा. मागील महिन्यांचे पैसे कोणाच्या खात्यातून आले ते पासबुकात पाहा. सोसायटीचा राखीव निधी बँकेतच राहील आणि त्याच्या पावत्या दर वार्षिक सभेत दाखवल्या जातील.'

यातल्या कमिटी सदस्याच्या उल्लेखावर काही जण नाराज होतील. तो ठेवावाच. कमिटीतला माणूस योजना चालवत असतो तेव्हा मेंटेनन्सची पावती आणि योजनेची पावती लोकांच्या मनात एक होऊन जाते.

पासबुकाच्या वाक्याला मी सर्वांत जास्त वजन देतो. एखाद्या घराचं पासबुक घेऊन बसा. जूनचे पाच हजार भाऊंच्या खात्यातून आलेले दिसतील, जुलैचे कुठल्यातरी ट्रेडर्सकडून, ऑगस्टचे यूपीआयने एका अनोळखी नावावरून. विचारल्यावर कळतं की ते नाव गोडादऱ्यातल्या नव्या सभासदाचं आहे; भाऊंनी त्याला सांगितलं होतं, 'माझ्याकडे नको, सरळ या नंबरवर टाक.' म्हणजे नव्याचे पैसे जुन्याला पोचले आणि मधल्या धंद्याचा पत्ताच नाही. असा एक जरी व्यवहार सापडला तरी ट्रेडिंगचे स्क्रीनशॉट पाहत बसायची गरज राहत नाही.

दुसऱ्या खुणा हळूहळू दिसतात. पाच तारखेचे पैसे नऊला येतात, मग बाराला, 'बँकेचा सर्व्हर डाउन होता' म्हणून. मुद्दल मागितली तर महिनाभराची नोटीस द्या असं उत्तर मिळतं. दिवाळीच्या तोंडावर पंधरा दिवसांसाठी सहा टक्क्यांची ऑफर निघते. व्याज हातात घेण्याऐवजी मुद्दलीत जमा करा, असा आग्रह होतो. तो मानला गेला तर त्या महिन्याचं वाटप वाचतं. जुना करार परत घेऊन नवा दिला जातो. ही शेवटची खूण धोक्याची, कारण जुन्या करारासोबत त्यावरची तारीख आणि साक्षीदारही जातात.

पुढच्या तारखेचा चेक मिळाला म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. चेक ही पैशांची हमी नव्हे. तो परत आला तर बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, समोरच्याला पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार दाखल करावी लागते. 'चेक टाकू नका, दोन महिने थांबा' ही विनंती मानली तर चेकची तीन महिन्यांची मुदत निघून जाते. त्याच बिल्डिंगमध्ये रोज तोंड दिसतं म्हणून लोक थांबतात, आणि चालवणाऱ्याला तेवढीच उसंत हवी असते.

पैसे थांबले तर मार्केटमध्ये उठमणा होतो तेव्हा व्यापारी करतात तसं करावं: एकेकट्याने चकरा न मारता सगळ्यांनी मिळून यादी करायची. कोणी किती दिले, कधी दिले, रोख की खात्यातून, किती परत मिळाले, कागद काय आहे. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आणि व्हॉइस नोट पुसू नयेत. तोंडी दराचा पुरावा बहुधा तेवढाच उरतो. ही यादी घेऊन पोलीस ठाण्यात, रक्कम मोठी असेल तर सुरत पोलिसांच्या इको सेलकडे जावं आणि केंद्राच्या कायद्यासोबत गुजरातच्या २००३च्या ठेवीदार संरक्षण कायद्याची कलमं लावण्याची मागणी लेखी करावी. मालमत्ता जप्त करून ठेवीदारांत वाटण्याचा खास रस्ता हवा. तो या दोन कायद्यांत आहे. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० हा क्रमांक पहिल्या काही तासांत लावला तरच उपयोगी पडतो. योजना अजून सुरू असेल आणि पोलिसांकडे जायचा धीर होत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

जप्ती झाली तरी पैसे लवकर मिळत नाहीत. पर्ल्स, म्हणजे पीएसीएल, प्रकरणात सेबीने ऑगस्ट २०१४मध्ये ४९,१०० कोटी परत करायचा आदेश दिला. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लोढा समिती नेमली गेली आणि तिने सर्वांत लहान दाव्यांपासून टप्प्याटप्प्याने परतफेड सुरू केली. ज्यांच्याकडे मूळ प्रमाणपत्रं आणि पावत्या होत्या त्यांचे दावे पुढे सरकले. म्हणून आज ज्यांना आपली योजना नीट चालू आहे असं वाटतं, त्यांनीही करार, चेक आणि पासबुकाच्या नोंदींच्या झेरॉक्स काढून घराबाहेर, शक्यतो गावी, एक संच ठेवावा.